स्टील फ्रेमला प्रायमर आणि पेंट किती लागेल: प्रति मीटर क्षेत्रावरून लिटर काढायची पद्धत

नाशकात सातपूर, अंबड, सिन्नर कुठल्याही फॅब्रिकेटरकडे जा आणि विचारा की या शेडला प्रायमर किती लागेल, तर बहुतेक वेळा उत्तर टनावर येतं. "साडेतीन टन आहे ना, मग एवढे डबे मागवा." मग तिसऱ्या दिवशी डबा संपतो, पेंटर उरलेल्यात थिनर ओतून ताणतो, आणि दोन पावसाळ्यात कडांवरून गंज डोकवायला लागतो. माझ्या स्वतःच्या एका कामावर हेच झालंय. तेव्हापासून मी टन बाजूला ठेवून सेक्शनच्या मीटरवरून हिशोब करतो, टन फक्त शेवटी चेक करायला वापरतो.

खाली सगळं एकाच उदाहरणावर केलंय. दिंडोरी साईडला द्राक्षं पॅक करायला जशी छोटी शेड बांधतात तशी, ८ मीटर रुंद, १६ मीटर लांब, ५ फ्रेम. कॉलम आणि राफ्टर २०० चे बीम म्हणजे आयएसएमबी २००, वरच्या कडेला लांबीत जाणारा टाय आयएसएमसी १०० चॅनल, पर्लिन ८०×४० ची आयताकृती ट्यूब, ब्रेसिंग ५०×५०×६ अँगल.

## १. आधी कटिंग लिस्ट, कॅल्क्युलेटर नंतर

ड्रॉइंगवरून किंवा कटिंग लिस्टवरून प्रत्येक सेक्शनची एकूण लांबी मीटरमध्ये लिहा. एका सेक्शनची एकच ओळ. कॉलम वेगळा, राफ्टर वेगळा करायची गरज नाही, दोन्ही २०० चेच बीम असतील तर लांबी एकत्र करा.

आपल्या शेडमध्ये कॉलम १० नग, प्रत्येकी ४ मीटर, म्हणजे ४० मीटर. राफ्टर १० नग, प्रत्येकी ४.३ मीटर, म्हणजे ४३ मीटर. झाले ८३ मीटर बीम. पर्लिनच्या ८ ओळी गुणिले १६, म्हणजे १२८ मीटर. टाय चॅनल दोन्ही बाजूला मिळून ३२ मीटर. ब्रेसिंगचा अँगल मोजून ६० मीटर.

चूक इथेच सुरू होते, कारण बरेच जण खरेदीच्या बिलावरची लांबी घेतात. बिलात ६ मीटर किंवा १२ मीटरच्या पूर्ण लांब्या असतात आणि त्यातले कटिंगचे तुकडे भंगारात जातात. तुकड्यांना कोणी रंग लावत नाही. लांबी बसवलेल्या मालाचीच धरा.

## २. प्रत्येक सेक्शनचं एका मीटरचं क्षेत्र काढा

सगळ्यात जास्त गोंधळ या पायरीवर होतो म्हणून जरा थांबून सांगतो. एक मीटर लांबीच्या तुकड्यावर ब्रश जिथे जिथे फिरतो ती सगळी जागा चौरस मीटरमध्ये, एवढाच या आकड्याचा अर्थ. सेक्शन आडवा कापला तर समोर जी आकृती दिसते तिच्या कडेकडेने दोरी फिरवायची, वळणावळणाने, खाचेत आत जाऊन. त्या दोरीची लांबी मीटरमध्ये आली की तेच प्रति मीटर क्षेत्र.

बीम. उंची दोनदा, फ्लँजची रुंदी चार वेळा, त्यातून वेबची जाडी दोनदा वजा. रुंदी चार वेळा का, तर वरच्या फ्लँजला वरची आणि खालची बाजू आहे, खालच्या फ्लँजलाही तसंच. आयएसएमबी २०० साठी उंची २००, फ्लँज १००, वेब ५.७ मिलिमीटर. म्हणजे ४०० + ४०० − ११.४, सुमारे ७८९ मिलिमीटर, म्हणजे ०.७९ चौरस मीटर प्रति मीटर. वेब आणि फ्लँजच्या सांध्यातल्या गोलाईमुळे स्टील टेबलच्या पुस्तकात आकडा थोडा कमी दिसेल, त्याने काही बिघडत नाही.

चॅनल. सूत्र तेच. आयएसएमसी १०० ची उंची १००, फ्लँज ५०, वेब साधारण ५. म्हणजे २०० + २०० − १०, ३९० मिलिमीटर, म्हणजे ०.३९.

अँगल. दोन्ही पायांची बेरीज करून दुप्पट करा. ५०×५० साठी २०० मिलिमीटर, म्हणजे ०.२०. जाडी ५ असो की ६, रंगाला फरक पडत नाही, वजनाला पडतो. टनावरचा हिशोब फसतो तो याचमुळे.

चौकोनी आणि आयताकृती ट्यूब. फक्त बाहेरचा घेर. ८०×४० साठी २४० मिलिमीटर, म्हणजे ०.२४. आतली बाजू धरायची नाही, टोकं मात्र वेल्डने बंद करून घ्या, उघडी ठेवली तर पाणी आत जाऊन ट्यूब आतून खाते.

गोल पाईप. ३.१४ गुणिले बाहेरचा व्यास. आपल्या शेडमध्ये पाईप नाही, पण ही चूक इतकी दिसते की सांगतोच. ५० एनबी पाईपचा बाहेरचा व्यास ५० नसतो, ६०.३ मिलिमीटर असतो. ५० धरला तर ०.१५७ येतं, खरं क्षेत्र ०.१८९ आहे.

> सावध: बीमला डबा समजून उंची अधिक रुंदी गुणिले दोन करू नका. २०० च्या बीमला तसं केलं तर ०.६० येतं, खरं आहे ०.७९. म्हणजे जवळपास पाव भाग रंग सुरुवातीलाच गायब. आणि अँगलला फक्त ५० अधिक ५० करून ०.१० धरलं तर थेट निम्मा. कमी पडलेल्या दहा कामांपैकी निम्म्यात मला हीच चूक सापडते.

चेक: शंका असेल तर खरंच दोरी घ्या. शॉपमधल्या बीमच्या टोकाला पातळ सुतळी सेक्शनच्या कडेने चिकटवत फिरवा आणि टेपवर मोजा. दोन मिनिटांचं काम आहे आणि पोरांना एकदा दाखवलं की परत चुकत नाहीत.

## ३. गुणाकार करा, मग प्लेटा मिळवा आणि झाकलेली जागा वजा करा

| सेक्शन | मीटर | प्रति मीटर | चौरस मीटर |
|---|---|---|---|
| आयएसएमबी २०० | ८३ | ०.७९ | ६५.६ |
| ट्यूब ८०×४० | १२८ | ०.२४ | ३०.७ |
| आयएसएमसी १०० | ३२ | ०.३९ | १२.५ |
| अँगल ५०×५०×६ | ६० | ०.२० | १२.० |
| बेरीज | | | १२०.८ |

आता बेस प्लेट, गसेट, एंड प्लेट, क्लीट. प्रत्येक प्लेट मोजणं मोठ्या कामात बरोबर आहे, पण एवढ्या शेडला मी ५ टक्के धरतो. म्हणजे ६ चौरस मीटर, एकूण १२७. ट्रस असेल, जोडांवर जोड असतील, तर ५ टक्के पुरत नाहीत, तिथे प्लेटा मोजाच. मोजताना लांबी गुणिले रुंदी गुणिले दोन, कारण प्लेटला दोन बाजू असतात.

वजा करायची ती जागा जिथे रंग लावायचाच नसतो. बेस प्लेटची खालची बाजू ग्राऊटवर बसते. घर्षणावर चालणारे हाय टेन्साईल बोल्टचे जोड असतील तर प्लेटा जिथे एकमेकांना टेकतात ती जागा डिझायनरने सांगितल्याशिवाय रंगवायची नाही. साईटवर वेल्ड होणार तिथे दोन्ही बाजूला ५० मिलिमीटर टेप लावून मोकळी ठेवतात, पण ती मी वजा करत नाही, कारण वेल्ड झाल्यावर तिथे टचअप करायचाच असतो.

दोन अँगल पाठीला पाठ लावून १० मिलिमीटरच्या फटीने जोडलेले असतील तर त्या आतल्या बाजू वजा करू नका. ब्रश पोचत नाही म्हणून पेंटर म्हणेल सोडा, पण पाणी मात्र पोचतं. त्या बाजू जोडायच्या आधीच रंगवून घ्या.

## ४. टनाशी ताळा

वजन बघू. बीम ८३ मीटर गुणिले साधारण २५ किलो म्हणजे २०७५. ट्यूब ३.२ मिलिमीटर जाडीची असेल तर मीटरला साधारण ५.५ किलो, म्हणजे ७०४. चॅनल साडेनऊच्या हिशोबाने ३०४, अँगल साडेचारने २७०. प्लेटा धरून अंदाजे ३.५ टन. १२७ भागिले ३.५, टनाला ३६ चौरस मीटर.

हा आकडा बरोबर वाटतो का हे बघायला एक सोपं गणित आहे. दोन्ही बाजूंनी रंगवलेल्या स्टीलचं टनाला क्षेत्र म्हणजे २५५ भागिले जाडी मिलिमीटरमध्ये. ८ मिलिमीटरला ३२, ६ ला ४२. ट्यूब एकाच बाजूने रंगते म्हणून तिचं निम्मं, १२७ भागिले जाडी, ३.२ ला ४० च्या आसपास. आपल्या शेडमध्ये जाड्या याच पट्ट्यात आहेत, म्हणून ३६ पटतं. १५ किंवा ९० आलं असतं तर कुठेतरी शून्य चुकलंय किंवा मिलिमीटरचं मीटर करताना घोळ झालाय असं समजा.

माझ्या त्या फसलेल्या कामात कोणीतरी सांगितलेला "टनाला २५" हा आकडा मी डोळे झाकून धरला होता. जाड प्लेट गर्डरला तो ठीक आहे. हलक्या शेडला तो धरला तर साडेतीन टनाला फक्त ८७ चौरस मीटर येतात, म्हणजे सरळ ४० चौरस मीटरचा रंग कमी.

## ५. डेटाशीटवरून लिटर

डब्यावरचं "इतके चौरस फूट चालतो" हे वाक्य बाजूला ठेवा. डेटाशीटमधून दोनच गोष्टी घ्या. एक, आकारमानाने घन भाग किती टक्के, म्हणजे व्हॉल्यूम सॉलिड्स. दोन, सुकल्यावर किती मायक्रॉन जाडी हवी, म्हणजे डीएफटी. ती स्पेसिफिकेशनमध्ये दिलेली असते.

एका लिटरमध्ये चौरस मीटर = व्हॉल्यूम सॉलिड्सची टक्केवारी × १० ÷ मायक्रॉन.

समजा प्रायमर इपॉक्सी झिंक फॉस्फेट आहे, सॉलिड्स ५० टक्के, एक कोट ६० मायक्रॉन. ५०० भागिले ६०, म्हणजे लिटरला ८.३ चौरस मीटर. १२७ भागिले ८.३, म्हणजे १५.३ लिटर. वर पीयू फिनिश, सॉलिड्स ४५ टक्के, ३० मायक्रॉनचे दोन कोट. ४५० भागिले ३०, लिटरला १५ चौरस मीटर. एका कोटला १२७ भागिले १५, म्हणजे ८.५ लिटर.

> सावध: डेटाशीटवर वजनाने सॉलिड्स पण दिलेले असतात आणि तो आकडा नेहमी मोठा असतो. तो धरला तर रंग कमी येणार. तसंच प्रायमर पाण्यापेक्षा बराच जड असतो, त्यामुळे २० किलोचा डबा म्हणजे २० लिटर नव्हे. डब्यावर किलो लिहिलंय की लिटर हे ऑर्डर देतानाच बघा.

आणखी एक. थिनर या हिशोबात येत नाही. थिनर उडून जातो, भिंतीवर, सॉरी, स्टीलवर राहतो तो फक्त घन भाग. म्हणून थिनर घातल्याने रंग "जास्त चालतो" हे खोटं आहे, फक्त थर पातळ होतो. गनसाठी लागेल तेवढा थिनर डेटाशीटच्या मर्यादेत वेगळा घ्या, आणि गन धुवायचा त्याहून वेगळा.

ग्रिट ब्लास्टिंग केलेलं स्टील असेल तर पहिल्या कोटमध्ये अजून रंग जातो, कारण खडबडीत पृष्ठभागाच्या खाचा भरायला लागतात. ४५ मायक्रॉनच्या खोलीला साधारण ३० मायक्रॉनच्या थराएवढा रंग नुसत्या खाचांत जातो, म्हणून हिशोबात तेवढे मायक्रॉन प्रायमरच्या जाडीत वाढवून धरा. आपल्या शेडला ग्राइंडरवर कप ब्रश लावून साफ केलंय म्हणून ते धरलं नाही.

## ६. लॉस धरताना भागायचं, मिळवायचं नाही

१५.३ लिटर हे कागदावरचे झाले. गनने मारलं की बराच रंग हवेत जातो, आणि सेक्शन जितका बारीक तितका जास्त. बीमच्या वेबवर मारताना बऱ्यापैकी स्टीलवर बसतो, पण ४० मिलिमीटरच्या पर्लिनवर किंवा ५० च्या अँगलवर गनचा पट्टा सेक्शनपेक्षा रुंद असतो, निम्मा रंग पलीकडे जातो. अशा मिश्र फ्रेमला साध्या एअर स्प्रेने मी ४० टक्के लॉस धरतो. ब्रश-रोलरला १५.

आता ४० टक्के लॉस म्हणजे १५.३ मध्ये ४० टक्के मिळवायचे नाहीत. डब्यातल्या शंभरातले साठच स्टीलवर बसतात, म्हणून १५.३ भागिले ०.६ करायचं. उत्तर २५.५ लिटर. मिळवलं असतं तर २१.४ आलं असतं, म्हणजे ४ लिटर कमी. हे चार लिटरच शेवटच्या दोन फ्रेमवर नसतात.

त्यात स्ट्राइप कोट, म्हणजे कडा, वेल्ड, बोल्टची भोकं यांवर आधी ब्रशने एक हात. कडेवरून रंग ओढला जातो आणि तिथे पातळ राहतो म्हणून हा हात चुकवू नका. त्याला ५ टक्के. प्रायमर झाला साधारण २७ लिटर.

फिनिशचा पहिला कोट शॉपमध्ये गनने, ८.५ भागिले ०.६, म्हणजे १४ लिटर. दुसरा साईटवर उभारणीनंतर रोलर-ब्रशने. तोपर्यंत पर्लिनच्या वर पत्रा बसलेला असेल तर पर्लिनची वरची ४० मिलिमीटरची बाजू झाकली गेली, १२८ गुणिले ०.०४ म्हणजे ५ चौरस मीटर कमी. १२२ भागिले १५ भागिले ०.८५, म्हणजे ९.६. दोन्ही मिळून २४ लिटरच्या आत-बाहेर. त्या झाकल्या जाणाऱ्या बाजूला निदान प्रायमर आणि फिनिशचा पहिला कोट पत्रा चढायच्या आधी बसलाच पाहिजे, नंतर तिथे कोणी पोचत नाही.

## ७. डबे किती, आणि हार्डनरचा घोळ

इपॉक्सी आणि पीयू दोन्ही दोन भागांचे असतात, बेस आणि हार्डनर. डेटाशीटवरचे सॉलिड्स हे मिसळलेल्या रंगाचे असतात. म्हणून २७ लिटर म्हणजे बेस अधिक हार्डनर मिळून २७. प्रमाण ३ ला १ असेल तर २० लिटरच्या सेटमध्ये १५ बेस, ५ हार्डनर. काही जण २७ लिटर बेस मागवतात आणि वर हार्डनर, मग ९ लिटर शिल्लक पडतो. उलटं पण होतं, एकूण लिटरमध्ये फक्त हार्डनर कमी येतो आणि पेंटर अंदाजाने ओततो. तो थर नीट कडक होत नाही, नखाने निघतो.

आपल्याला प्रायमर २० चा एक सेट आणि ४ चे दोन, म्हणजे २८ लिटर. फिनिश पण तसंच २८ घ्या, कारण ट्रकमध्ये चढवताना-उतरवताना साखळीने घासलेल्या जागांना टचअप लागतो, आणि नंतर दुसऱ्या बॅचचा डबा आणला तर रंगाची छटा किंचित वेगळी दिसते.

मिसळताना एका वेळी ४ लिटरच मिसळा. एप्रिल-मे मध्ये शेडखाली तापलेल्या हवेत मिसळलेला रंग डेटाशीटवरच्या वेळेआधीच घट्ट होतो, आणि २० लिटर एकदम मिसळून जेवायला गेले की तो डबा गेला.

> चेक: हवा दमट असेल, आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर, किंवा स्टीलचं तापमान दवबिंदूपेक्षा ३ अंशांनी वर नसेल तर कोट मारू नका. जून ते सप्टेंबर हे कळतंच, पण डिसेंबर-जानेवारीत निफाड-दिंडोरीकडे सकाळी स्टीलवर दव असतं आणि हाताला ओलसर लागतं. ऊन वर येऊन ते पूर्ण सुकेपर्यंत थांबा.

## ८. पहिल्या ४ लिटरवरच ताळा घ्या

पेंटरला "६० मायक्रॉन मार" सांगून उपयोग नाही, त्याला कॉलममध्ये सांगा. लिटरला ८.३ पैकी लॉस जाऊन ५ चौरस मीटर होतात. ४ मीटरचा एक कॉलम म्हणजे ४ गुणिले ०.७९, म्हणजे ३.१६ चौरस मीटर, म्हणजे साधारण ६५० मिलिलिटर. चार लिटरमध्ये सहा कॉलम. शॉपच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा.

चार लिटरमध्ये नऊ कॉलम झाले तर थर पातळ बसतोय, पेंटर खूश होईल पण तुम्ही होऊ नका. चारच झाले तर एकतर जाड बसतोय नाहीतर प्रेशर जास्त आहे आणि रंग हवेत उडतोय. कंगव्यासारखा ओल्या थराचा गेज मिळतो, तो ओल्या रंगात टेकवून बघा. १० टक्के थिनर घातला असेल तर ओला थर ६० गुणिले १.१ भागिले ०.५, म्हणजे १३० मायक्रॉनच्या आसपास दिसला पाहिजे. बीमच्या फ्लँजच्या आतल्या बाजूला नक्की लावा, बाहेरच्या बाजूला सगळेच नीट मारतात.

सुकल्यावर डीएफटी मीटरने परत बघा, आणि त्या दिवशी किती लिटर गेले आणि किती मीटर कुठला सेक्शन झाला हे वहीत लिहा. १० कॉलमना, म्हणजे ३१.६ चौरस मीटरला, ७ लिटर गेले आणि मीटर ६० दाखवतोय, तर तुमच्या गनचा आणि पेंटरच्या हाताचा खरा लॉस तिथेच निघतो. कागदावर ३.८ लिटर लागले असते, गेले ७, म्हणजे लॉस ४६ टक्के. उरलेले राफ्टर, पर्लिन आणि ब्रेसिंग ४० नाही तर निदान ४६ ने काढा, आणि कमी पडणारा डबा त्याच संध्याकाळी त्याच बॅचमधून मागवा.